साडेसहा लाख हातात, तरी नफा शून्य?

वाचकाचं पत्र

वेंगुर्ल्याजवळ माझं काजू प्रक्रियेचं छोटं युनिट आहे. वर्षाला २० टन बी फोडतो, त्यातली २ टन घरच्या बागेतली. सुरुवातीच्या दोन-तीन वर्षांत सगळा खर्च जाऊन ११ लाख हातात राहायचे. मग आजूबाजूला युनिटं वाढली, बी महागली, गराचा भाव मात्र आहे तिथेच. गेल्या वर्षी साडेसहा लाख राहिले. शेड स्वतःची आहे, ग्रेडिंग आणि पॅकिंग बायको बघते. पुतणी अर्थशास्त्र शिकते. हिशेब बघून ती म्हणाली, "काका, तुमचा नफा शून्य आहे, आणि पूर्ण स्पर्धेत तो शून्यच व्हायचा." साडेसहा लाख म्हणजे शून्य कसं? एका मोठ्या कारखान्याने महिना २० हजारांवर सुपरवायझरची नोकरी देऊ केली आहे. शेड कोणी महिना ५ हजारांनी भाड्याने मागतोय. मेव्हणा म्हणतो, कर्ज काढ आणि युनिट वाढव. हिशेबाचा कागद सोबत जोडला आहे. मी काय करू?

उत्तर

पुतणीचं बरोबर आहे, आणि तुमचे साडेसहा लाखही खरे आहेत. दोघांनी वजाबाकी वेगवेगळी केली आहे. तुमच्या कागदावर खिशातून गेलेला प्रत्येक रुपया आहे. पण जे खिशातून गेलं नाही आणि तरी ज्याला बाहेर किंमत मिळत होती, त्यातलं काहीच नाही. ते आधी मांडू.

कागदाप्रमाणे ४ किलो बीला १ किलो गर, म्हणजे २५ टक्के उतारा पडला आणि ५,००० किलो गर निघाला. सगळ्या ग्रेडचा सरासरी भाव, टरफलाचे पैसे धरून, किलोला ७२० रुपये. एकूण ३६ लाख. १८ टन बी १३० रुपयांनी विकत घेतली, तिचे २३ लाख ४० हजार गेले. फोडणी-सोलणीची मजुरी, बॉयलरचं जळण, वीज, डबे, वाहतूक, बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जाचं व्याज आणि यंत्रांचा घसारा मिळून ६ लाख. उरले ६ लाख ६० हजार. इथे तुमचा कागद संपतो.

आता घरच्या २ टन बीकडे बघा. ती तुम्ही शून्य रुपयांना धरली आहे. तीच बी पोत्यात भरून व्यापाऱ्याला दिली असती तर १३० च्या भावाने २ लाख ६० हजार आले असते. वेचणीची मजुरी दोन्हीकडे सारखीच लागते, त्यामुळे त्यात सूट नाही. दुसरं, तुमचा स्वतःचा वेळ. त्याची किंमत अंदाजाने काढायची गरज नाही, कारखान्याने ती सांगितलीच आहे: वर्षाला २ लाख ४० हजार. शेडची किंमतही भाडेकरूने सांगितली आहे, वर्षाला ६० हजार. शेवटी यंत्रांत आणि खेळत्या भांडवलात घातलेले तुमचे १४ लाख. तुमच्या भागात ठेवीवर ७ टक्के मिळतात असं धरलं तर ९८ हजार.

बेरीज ६ लाख ५८ हजार. ६ लाख ६० हजारांतून ती वजा केली की २ हजार रुपये उरतात. पुतणीने त्याला शून्य म्हटलं, तर फार अन्याय केला नाही.

याचा अर्थ तोटा होतोय असा मात्र नाही. तुमची बी, वेळ, जागा आणि पैसा या चारही गोष्टींना बाहेर जेवढं मिळालं असतं, तेवढं या युनिटने दिलं. त्यावर जास्तीचं काही दिलं नाही. पुस्तकात आधीच्या चार रकमांना संधी खर्च म्हणतात आणि एवढ्या मिळकतीला सामान्य नफा. आर्थिक नफा म्हणजे त्याच्या वरचं, आणि शून्य होतं ते हे वरचं.

सुरुवातीच्या वर्षांना हीच वजाबाकी लावली की पुढचा सगळा प्रकार उलगडतो. तेव्हा बी १०५ ला मिळत होती. बाकीचे आकडे आजचेच धरले तर हातात ११ लाख १० हजार यायचे, आणि तुमची आठवणही तेच सांगते. घरच्या बीची किंमत तेव्हा २ लाख १० हजार, म्हणजे चारही खर्च मिळून ६ लाख ८ हजार. वरचा नफा ५ लाख २ हजार. हा आकडा तुम्हाला एकट्यालाच दिसत होता असं नाही. गावातल्या ज्या माणसाकडे रिकामी शेड होती, ज्याच्या मुलाने कारखान्यात चार वर्षं कटिंग बघितलं होतं, ज्याला बँक कर्ज द्यायला तयार होती, त्या प्रत्येकाला दिसत होता. तो शेजारी काही अर्थशास्त्र शिकलेला नसतो. पण मनात हिशेब तुमच्या पुतणीचाच करतो: नोकरी सोडली, शेड वापरली, ठेव मोडली, तरी वर पाच लाख उरतात. मग तो उतरतो. त्याच्या मागून आणखी एक. सगळ्यांचा माल सारखा आणि नव्या माणसाला दार असं उघडं, अशा बाजारालाच पुतणी पूर्ण स्पर्धा म्हणते.

इथे कोकणातल्या काजूची एक खुबी आहे, आणि ती पाठ्यपुस्तकातल्या नेहमीच्या आकृतीत दिसत नाही. आकृती सांगते की नवे उत्पादक आले, पुरवठा वाढला, मालाचा भाव पडला, नफा गेला. तुमच्याकडे गराचा भाव पडलाच नाही, कारण तो वेंगुर्ला-सावंतवाडीत ठरत नाही. गर देशभर विकला जातो, बाहेरून येतो आणि बाहेर जातोही. तालुक्यात दहा युनिटं वाढली म्हणून मुंबईच्या व्यापाऱ्याला फरक पडत नाही. बी मात्र ठरावीक झाडांची, फेब्रुवारी ते मेपर्यंत येणारी. झाडं तेवढीच आणि फोडणारे हात वाढले. प्रत्येक नव्या युनिटने पहिल्या वर्षी बी मिळवण्यासाठी भाव रुपया-दोन रुपये वर नेला. आफ्रिकेतून येणाऱ्या बीमुळे या चढाला कधीतरी मर्यादा येते, पण तोवर जो चढ झाला तो तुमच्या अंगावर आला.

१०५ चे १३० झाले. फरक २५ रुपये, २० टनांवर ५ लाख. ५ लाख २ हजारांतून ५ लाख गेले की २ हजार उरतात. हिशेब तंतोतंत जुळतो, कारण नफा हवेत विरलेला नाही, तो बागेत गेला आहे. तुमच्या घरच्या २ टनांवरचे ५० हजार तुमच्याच दुसऱ्या खिशात पडले, बाकीचे साडेचार लाख ज्यांच्याकडून तुम्ही बी घेता त्या बागायतदारांकडे. स्पर्धेत जी वस्तू वाढवता येते, म्हणजे शेड, बॉयलर, कटर, ड्रायर, तिच्या मालकाला वरचं काही उरत नाही. जी वाढवता येत नाही तिचा मालक ते घेतो. अर्थशास्त्र त्याला खंड म्हणतं.

यावरून तुमच्या मनातली एक धारणा तपासून बघा. युनिटमुळे तुम्ही कमावता आणि बाग म्हणजे जोडधंदा, असं पत्रात दिसतं. आकडे उलट बोलतात. वरचे जे काही आहे ते बाग देते आहे, युनिट फक्त मजुरी, भाडं आणि व्याज देतंय.

आता प्रश्न असा की घसरण शून्याशीच का थांबते. कारण १३० रुपयांना बी घेऊन नवीन युनिट टाकणाऱ्याला नोकरीपेक्षा जास्त काही दिसत नाही, म्हणून तो येत नाही. भाव १४० झाला तर तुमचा आर्थिक नफा उणे १ लाख ९८ हजार होतो. मग ज्यांना नोकरी चांगली मिळते आहे किंवा ज्यांचा उतारा कमी आहे, ते आधी शटर ओढतात, बीची मागणी कमी होते आणि भाव खाली येतो. येणं आणि जाणं दोन्ही ज्या भावाला थांबतं, तो भाव म्हणजे पुस्तकातला दीर्घकालीन समतोल. प्रत्यक्षात गाडी त्या रेषेवर उभी राहत नाही, तिच्या दोन्ही बाजूंना डोलत राहते. तुमच्या बाबतीत बीच्या भावातला एक रुपया म्हणजे २० हजार रुपये. हंगामात भाव तीन-चार रुपये हलणं नवं नाही. त्यामुळे एखाद्या वर्षी ६० हजार वर आणि एखाद्या वर्षी ६० हजार खाली दिसलं, तर धंदा सुधारला किंवा बिघडला असं समजू नका.

दीर्घकाळ किती वर्षांचा, असं बरेच जण विचारतात. वर्षांत त्याचं उत्तर नाही. नवीन माणसाला आत यायला आणि जुन्याला बाहेर पडायला जेवढा वेळ लागतो तेवढा. युनिटासाठी शेड, थ्री-फेज जोडणी, बॉयलर, परवाने म्हटलं तर एखादा पावसाळा आणि एखादा हंगाम पुरतो. म्हणूनच तुमचे चांगले दिवस दोन-तीन वर्षांत आटोपले. बागेचा दीर्घकाळ वेगळा आहे. बी महागली म्हणून कोणी आज वेंगुर्ला-४ किंवा वेंगुर्ला-७ ची कलमं लावली, तर तिसऱ्या-चौथ्या वर्षी जरा बी दिसते, भरघोस उत्पन्नाला आणखी काही वर्षं जातात. तोवर बागायतदाराची चांदी. पुढे त्या लागवडीची बी बाजारात आली की भाव नरमेल, युनिटांना पुन्हा वरचं काही दिसेल, आणि पुन्हा नवी युनिटं येतील.

तुमच्या कागदात मला तीन त्रुटी दिसतात, आणि कोकणातल्या बहुतेक घरगुती युनिटांत त्याच असतात.

पहिली त्रुटी घरातच आहे. वहिनी अख्खा, पाकळी, तुकडा वेगळा करतात, डब्ल्यू २४० आणि डब्ल्यू ३२० चे डबे भरतात. डब्ल्यू २४० म्हणजे एका पौंडाला २४० च्या आत गर, आणि तो डोळ्याने ओळखायला सरावाची नजर लागते. हे काम कागदावर कुठेच नाही. बाहेरची बाई ठेवली असती तर महिना ८ हजार आणि वर्षात १० महिने धरा, ८० हजार होतात. ते वजा केले की तुमचा २ हजारांचा नफा उणे ७८ हजार होतो. पुतणीने हे सोडलं असेल, तर तिलाही सांगा. घरच्या माणसाचं काम फुकट धरलं की शून्याच्या खाली गेलेलं युनिटही नफ्यात दिसतं, आणि अशी युनिटं बंद होत नाहीत. त्यांनी चढवलेल्या बीच्या भावाला मजुरी देऊन काम करणाऱ्या युनिटाला टिकता येत नाही. या भागात बी एवढी महाग का, याचं निदान एक कारण हे आहे.

दुसरी त्रुटी ओलीची. एप्रिलमध्ये ताजी बी घेताना ती ओली असते. साठवणीसाठी खळ्यावर वाळवून ओल ८ टक्क्यांच्या आसपास आणावी लागते. १२ टक्के ओलीची १०० किलो बी ८ टक्क्यांवर आणली की साडेपंच्याण्णव किलो उरते, आणि १३० ची बी १३६ ला पडते. तुमचा २५ टक्के उतारा घेतलेल्या वजनावर आहे की वाळवलेल्या, ते कागदावरून कळत नाही. वाळवलेल्या वजनावर असेल आणि बीचा भाव मात्र ओल्या वजनाचा धरला असेल, तर गर कागदावर आहे तेवढा निघालेलाच नाही. पुढच्या हंगामात प्रत्येक खरेदीतल्या वेगवेगळ्या पोत्यांतून मिळून १ किलो नमुना घ्या, वाळवा, फोडा आणि चांगला गर ग्रॅममध्ये तोला. २५० ग्रॅम आला तर १३० ठीक. २४० आला तर त्याच नफ्यासाठी त्या बीला फार तर १२३ द्यावेत. १ किलो बीमागे १० ग्रॅम गर कमी, म्हणजे ७ रुपये २० पैसे गेले.

तिसरी साठ्याची. समजा मार्चमध्ये १३० ला घेतलेली बी ऑगस्टमध्ये बाजारात ११५ ला मिळते आहे. फोडायची की नाही, हे ठरवताना बीची किंमत ११५ धरा. वरचे १५ रुपये साठा करण्यात गेले, फोडण्यात नाही. उलटही खरं: १३० ची बी १४५ झाली आणि वर्षाअखेर चांगले पैसे दिसले, तर ती कमाई व्यापाऱ्याची होती, प्रक्रियेची नाही. बी १४५ ला तशीच विकून अधिक मिळालं असतं का, हे तपासल्याशिवाय यंत्र चालू करू नये. सुरुवातीच्या वर्षांतल्या तुमच्या ११ लाखांतही साठ्याची कमाई किती होती, हे खरेदीच्या पावत्यांवरून एकदा काढून बघा.

मेव्हण्याच्या सल्ल्याकडे येऊ. शून्याला दोनाने गुणून काही हाती लागत नाही, असं म्हणून तो उडवून लावणं सोपं आहे, पण त्यात एक तथ्य आहे. तुमचा वेळ आणि शेड मिळून ३ लाख आज ५,००० किलो गरावर पसरतात, किलोला ६० रुपये. त्याच शेडमध्ये, त्याच एका देखरेखीत ३० टन बी फोडता आली तर गर ७,५०० किलो होईल आणि तोच खर्च ४० वर येईल. किलोला २० रुपये वाचले, म्हणजे वर्षाला दीड लाख. पूर्ण स्पर्धेत दीर्घकाळी भाव किमान सरासरी खर्चाला येऊन टेकतो, म्हणजे ज्या आकाराच्या युनिटाला किलोमागे सर्वांत कमी खर्च येतो त्याच्या खर्चाला. जो त्या आकारापेक्षा लहान आहे त्याला शून्यही मिळत नाही, तो तोट्यात जातो. तेव्हा वाढवायचं की नाही याचं उत्तर कर्ज मिळतं का यात नसून, तुमचा बॉयलर आणि ड्रायर आठवड्यात किती दिवस रिकामा असतो यात आहे. चार दिवस चालत असेल तर आधी तो सहा दिवस चालवा, त्याला कर्ज लागत नाही, बीचे पैसे आणि कटिंगचे हात लागतात. यंत्रं आधीच पूर्ण चालत असतील तर नवी शेड, नवा बॉयलर आणि दुसरा सुपरवायझर घेऊन तुम्ही तेवढ्याच सरासरी खर्चाचं आणखी एक युनिट उभं कराल. त्यातून वरचं काही निघणार नाही, बँकेचा हप्ता मात्र ठरलेला राहील. आणि २० रुपयांची बचत खरी असली तरी ती इतरांनाही दिसेल. चार किलोला एक किलोच्या हिशेबाने तिच्यामुळे बीचा भाव कालांतराने ५ रुपयांनी चढू शकतो.

सरकारी अनुदानाबद्दलही हेच. केंद्राच्या २०२० पासूनच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत अनुदान कर्जाला जोडून मिळतं. योजना अजून चालू असेल आणि पात्र असाल तर जरूर घ्या, कारण शेजारी घेणार आहे. पण ते धरून कायमच्या नफ्याची गणितं मांडू नका. सगळ्यांचीच यंत्रं स्वस्त झाली की आणखी युनिटं येतात आणि अनुदानाचा मोठा भाग बीच्या भावात जिरतो.

स्वतःच्या नावाचा ब्रँड करून महामार्गावर पर्यटकांना विकणं, हाही सल्ला तुम्हाला मिळाला असेल. वेंगुर्ल्याच्या काजूला भौगोलिक मानांकन आहे, चवीचं गिऱ्हाईकही आहे. तिथे तुमचा डबा दुसऱ्याच्या डब्यासारखा राहत नाही, म्हणून काही वर्षं वरचं मिळू शकतं. तिथेही येणाऱ्याला दार उघडंच आहे, आणि रस्त्याकडेला काजूची दुकानं किती झाली ते तुम्ही बघताच. करायचं तर पाउच, लेबल, परत आलेला खवट माल, दुकानदाराचं कमिशन आणि काउंटरवर बसणाऱ्या घरच्या माणसाचा पगार, हे सगळं वर दाखवल्यासारखं मांडून मग करा.

तर निर्णय. बी कितीला घ्यायची याचे दोन भाव कागदावर लिहून ठेवा. पहिला, कायम धंद्यात राहण्यासाठी. किलोभर गराच्या ७२० मधून प्रक्रियेचे १२० काढा, तुमचा वेळ, शेड आणि भांडवलाचे ८० काढा, वहिनींचे १६ काढा. राहिले ५०४, भागिले ४, म्हणजे १२६ रुपये. एक दुरुस्ती तुमच्या बाजूने आहे. यंत्रं ८ लाखांना घेतली असली तरी आज विकली तर ३ लाख येतील असं धरू. गेलेले ५ लाख कुठल्याच निर्णयाने परत येत नाहीत, म्हणून त्यांच्यावर व्याज मोजायचं नाही. त्याने ३५ हजार वाचतात आणि भाव १२८ च्या जवळ जातो. दुसऱ्या बाजूला, काजूत अडकवलेल्या पैशाला बँकेतल्या ठेवीची सुरक्षितता नाही, म्हणून ७ टक्के खरं तर कमीच आहेत. मी १२६ वरच थांबेन.

दुसरा भाव हंगाम सुरू झाल्यावरचा. नोकरी नाकारून झाली, शेड भाड्याने दिलेली नाही, यंत्रं जागेवर आहेत. आता वाचण्यासारखा खर्च फक्त बी, मजुरी, जळण, वीज, डबे यांचा आहे. १२० पैकी असा खर्च १०० धरला, तर ७२० मधून १०० जाऊन ६२०, भागिले ४, म्हणजे १५५. वहिनींना दुसरीकडे काम मिळत असेल तर त्यांचे १६ काढून १५१. त्या भावापर्यंत यंत्र बंद ठेवण्यापेक्षा चालवणं बरं. १२६ आणि १५१ यांच्यामधल्या पट्ट्यातच लोक वर्षानुवर्षं अडकतात. हंगामात चालू ठेवणं बरोबर असतं, आणि ते बरोबर होतं म्हणून पुढच्या वर्षीही तसंच चालू राहतं. पहिल्या भावाची आठवण वर्षातून एकदा, खरेदी सुरू व्हायच्या आधी करायची असते.

गेल्या वर्षीचा १३० हा भाव १२६ च्या थोडाच वर आहे. एवढ्यावरून धंदा मोडावा असं मला वाटत नाही, आणि कर्ज काढावं असं तर मुळीच नाही. पैशात दोन्ही पर्याय जवळपास सारखे असताना बाकीच्या गोष्टींना वजन देणं शहाणपणाचं आहे: ठरलेला पगार, घराजवळचं काम, कोणाच्या हाताखाली न राहणं. ही तुलना तुम्हीच करायची. पण ती करताना वहिनींना विचारा, कारण युनिट बंद झालं तर त्यांच्या कामाचं काय होतं हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. आणि चालू ठेवलं तर त्यांचे ८ हजार दर महिन्याला त्यांच्या खात्यावर जमा करा, म्हणजे पुढच्या वर्षीचा कागद आपोआप खरा होईल.

बाग काही झालं तरी सोडू नका. युनिट बंद केलंत तरी २ टनांचे २ लाख ६० हजार येणारच आहेत. नोकरीसाठी तुम्ही सोडाल ते फक्त युनिट. कारखान्याला एवढंच विचारा की जूनमध्ये रुजू झालेलं चालेल का. चालत असेल तर जानेवारीअखेरीस मोहोर बघून आणि पहिल्या खरेदीचे भाव ऐकून हा हंगाम करायचा का ते ठरवा. मेअखेरपर्यंतच्या तुमच्या सरासरी खरेदीचा आकडा १३५ च्या वर गेला, तर उरलेली बी तशीच विकून टाका, शेड भाड्याने द्या आणि कटर, ड्रायर पावसाळ्याआधी विकायला काढा. पावसाळ्यानंतर तेच यंत्र गंजलेलं दिसतं आणि गिऱ्हाईक भाव पाडून मागतं.